फ्रीजरमधल्या मटणावरचे पांढरे डाग

प्रश्न : पातळ पिशवीत बांधून दोन महिने फ्रीजरमध्ये ठेवलेल्या मटणावर पांढरट, कोरडे डाग पडले आहेत. फेकावे का? – एक वाचक, सिहोरा (जि. भंडारा)

उत्तर : केवळ डागांसाठी फेकू नका. ही बुरशी नव्हे. तिथे मांस सुकले आहे. फ्रीजरच्या कोरड्या हवेत मांसातला बर्फ न वितळताच वाफ होऊन उडतो आणि रिकाम्या झालेल्या जागेत प्राणवायू शिरून चरबी खवट करतो. उणे 18 अंशांना जंतू वाढत नाहीत, म्हणून बिघडते ती चव. डाग कापून टाका, उरलेले रश्श्यात नीट शिजवा.

मध्ये वीज गेली असेल तर काय, अशी शंका येणे रास्तच आहे, पण तो धोका वेगळा. सुटे गोठलेले तुकडे नंतर एका गोळ्यात चिकटले आणि तळाशी लालसर बर्फ साचला, तर मांस मध्येच वितळले होते. किती वेळ, हे कळत नसेल तर ते टाकाच; काही जंतूंचे विष शिजवूनही जात नाही. सुकण्यावर उपाय हवा काढण्याचा. एका वेळेपुरते मटण जाड पिशवीत भरा, तोंड वर ठेवून पिशवी पाण्यात बुडवा. दाबाने हवा निघाली की तिथेच घट्ट बंद करा आणि वर तारीख लिहा.