गोळ्यांची स्ट्रिप कशी वाचावी?



गेल्या खेपेला आपल्यापैकी काही कुटुंबांनी घरात उरलेली औषधे एका खोक्यात भरून आमच्या दवाखान्यात पाठवली. पाठवण्यामागची माया आम्हाला कळली. पण ती औषधे टेबलावर पसरून निवडायला आम्ही बसलो, तेव्हा पहिल्याच अर्ध्या तासात निम्म्याहून अधिक बाजूला काढावी लागली. त्यांतल्या सगळ्याच काही जुन्या नव्हत्या. स्ट्रिप कात्रीने अशा कापलेल्या होत्या की त्या कोणत्या औषधाच्या आणि कोणत्या महिन्यापर्यंतच्या, हेच कळेना. एका तुकड्यात चार पांढऱ्या गोळ्या होत्या आणि मागे नावाची शेवटची तीन अक्षरे तेवढी उरली होती. अशी गोळी आम्ही कोणाच्या हातात ठेवणार?

म्हणून या अंकात थोडा अभ्यास करू. हे वाचताना घरातली एखादी तापाची स्ट्रिप हातात घ्या. बहुतेक घरांत पॅरासिटामॉल सापडेलच.

स्ट्रिप उलटी करा. मागच्या बाजूला दोन नावे दिसतील. एक कंपनीने दिलेले आणि दुसरे खऱ्या औषधाचे. खरे नाव बहुधा "पॅरासिटामॉल टॅब्लेट्स आय.पी. 500 मि.ग्रॅ." असे असते. आय.पी. म्हणजे भारतीय औषधकोशात ठरवून दिलेल्या दर्जाप्रमाणे बनवलेले. 2018 पासूनच्या नियमाप्रमाणे हे मूळ नाव कंपनीच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात छापावे लागते. तीन किंवा अधिक औषधे एकत्र असलेल्या गोळ्यांना मात्र हा नियम नाही. तरीही आपल्या तोंडी कंपनीचेच नाव बसलेले असते, कारण मेडिकलमध्ये आपण तेच मागतो. त्याखाली बारीक अक्षरात "प्रत्येक गोळीत अमुक इतके" अशी ओळ असते. माझ्या मते सबंध स्ट्रिपवरची सर्वांत महत्त्वाची ओळ हीच आहे. का, ते सांगते.

मागच्या पावसाळ्यात पाड्यावरची एक मावशी आमच्याकडे आली. अंग फणफणत होते आणि तीन दिवस मळमळही होती. मी म्हटले, "मावशी, काय काय घेतलं ते सगळं दाखवा." तिने पदराची गाठ सोडली. आत तीन स्ट्रिपचे तुकडे. "सिस्टर, ही तापाची, ही अंगदुखीची, आन् ही सर्दीची," ती म्हणाली. तिन्ही वेगवेगळ्या दुकानांतून आलेल्या, तिन्हींवर वेगळी नावे, रंगही वेगळे. मागची ओळ वाचली तर पहिलीत पॅरासिटामॉल 650, दुसरीत पॅरासिटामॉल 500, आणि सर्दीच्या गोळीत इतर दोन औषधांबरोबर पुन्हा पॅरासिटामॉल 500. प्रत्येक गोळी ती दिवसातून तीनदा घेत होती.

बेरीज करून पाहा. 650 तीनदा म्हणजे 1950. 500 तीनदा म्हणजे 1500, आणि सर्दीच्या गोळीचे आणखी 1500. एका दिवसात 4950 मिलिग्रॅम. धडधाकट, पुरेशा वजनाच्या मोठ्या माणसालाही चोवीस तासांत 4000 च्या वर जायचे नसते, आणि दोन डोसांमध्ये निदान चार तासांचे अंतर लागते. मावशीचे वजन होते 38 किलो. कमी वजनाच्या माणसासाठी एका वेळचा डोस किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम असा धरतात. म्हणजे तिला एका वेळी फार तर 570. तिच्यासाठी 650 ची एक गोळीसुद्धा जास्तच होती.

हे औषध यकृतावर भारी पडते, आणि फसवे असे की पहिल्या दिवशी थोडी मळमळ सोडली तर फारसे काही जाणवत नाही. खरा त्रास दोन-तीन दिवसांनी दिसतो. यावर उतारा आहे, पण तो लवकर दिला तरच नीट लागू पडतो. म्हणून चुकून जास्त गोळ्या गेल्या असे कळले, तर त्रास व्हायची वाट न पाहता स्ट्रिपा घेऊन सरळ रुग्णालयात जायचे. उपाशी राहणारे, अशक्त आणि रोज दारू घेणारे यांना धोका अधिक. मावशीला आम्ही लगेच तालुक्याला पाठवले. रक्त तपासले, दोन दिवस ठेवून घेतले, आणि ती बरी होऊन परत आली. तिची चूक मी म्हणणार नाही. तिने तीन दुखण्यांसाठी तीन औषधे घेतली होती, एवढेच. क्रोसिन, कॅलपोल, डोलो ही नावे तुमच्याही घरात असतील. तिन्हींच्या मागची ओळ एकदा वाचा.

आता जेनेरिक आणि ब्रँडेड यांचा प्रश्न आपोआप सुटतो. मूळ नाव तेच, मिलिग्रॅम तेवढेच, तर औषध तेच. जनऔषधी केंद्रातली साधी स्ट्रिप आणि जाहिरातीतली चकचकीत स्ट्रिप यांत फरक बहुतेक किमतीचा असतो. पाड्यावर "स्वस्त म्हणजे कमी पावराची" असा समज घट्ट आहे, आणि खरे सांगायचे तर तो शहरातही आहे. दुकानदाराने वेगळ्या कंपनीची स्ट्रिप दिली तर मूळ नाव आणि मिलिग्रॅम जुन्या स्ट्रिपशी ताडून पाहा. दोन्ही जुळले की निर्धास्त घ्या. नावापुढे एसआर किंवा ईआर अशी अक्षरे असतील तर तीही जुळली पाहिजेत. ती गोळी पोटात हळूहळू विरघळण्यासाठी केलेली असते. ती फोडून किंवा कुटून द्यायची नाही. एक अपवाद लक्षात असू द्या. फिट्सची आणि थायरॉइडची गोळी चालू असेल तर कंपनी वारंवार बदलू नये, बदलायची झाल्यास डॉक्टरांना आधी सांगावे. या औषधांत थोडासा फरकही जाणवू शकतो.

एक्स्पायरीकडे येऊ. स्ट्रिपच्या एका टोकाला बॅच नंबर, बनवल्याचा महिना, एक्स्पायरीचा महिना आणि किंमत असते. कधी ती शाईने छापलेली असते, कधी नुसती ठोकून उठवलेली. तशी असेल तर स्ट्रिप उजेडात तिरकी धरल्यावर दिसते. एक्स्पायरी 04/2027 असेल तर 30 एप्रिल 2027 पर्यंत ती गोळी चालते, एक तारखेला ती बाद होत नाही. आणि म्हणूनच गोळी काढायला सुरुवात नेहमी दुसऱ्या टोकाकडून करायची. तारखेकडची गोळी सर्वांत शेवटी. मेडिकलवाल्याने कापून चार गोळ्या दिल्या तर त्याच्याकडूनच तारीख पाहून घ्या आणि पाकिटावर पेनाने नाव, मिलिग्रॅम, तारीख लिहा.

ही तारीख बंद औषधाची असते, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. लहान मुलांच्या अँटिबायोटिकच्या पावडरीत उकळून गार केलेले पाणी घातले की ते औषध थोडेच दिवस टिकते, बहुतेकदा आठवडाभर. किती, ते बाटलीवर छापलेले असते. डोळ्यांचे थेंब उघडल्यावर साधारण महिन्याभरात टाकून द्यावेत. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहून ठेवली की काम भागते.

स्ट्रिप एक गोष्ट मात्र सांगत नाही, ती म्हणजे गोळी केव्हा घ्यायची. तिच्यावर फक्त "डॉक्टरांच्या सल्ल्याने" असे असते. वेळ असते चिठ्ठीवर. 1-0-1 म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. एसओएस म्हणजे गरज पडली तरच. दुखायचे थांबले तर ती गोळी संपवायची नसते. अँटिबायोटिकचे उलटे असते. बरे वाटले तरी डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पुरे करायचे. स्ट्रिपच्या डाव्या कडेला उभी तांबडी पट्टी असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचेच नाही. शेजाऱ्याला "मला लागू पडले" म्हणून देणेही त्यातच आले. आमच्याकडे वाचता न येणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या कागदी पाकिटावर आम्ही उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य आणि चांदोबा काढतो आणि प्रत्येकाखाली गोळीएवढे गोल. अर्धी गोळी असेल तर अर्धा गोल. गरोदर बायांना लोहाची आणि कॅल्शियमची अशा दोन गोळ्या असतात. त्या एकत्र घेतल्या तर लोह नीट अंगी लागत नाही. म्हणून एक सूर्याखाली, दुसरी चांदोबाखाली. चहाबरोबर तर लोहाची गोळी मुळीच नको.

आणि ठेवायचे कुठे? स्ट्रिपवर "30 अंशांखाली, कोरड्या जागी, उजेडापासून दूर" असे असते. पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात हे कठीण जाते. पाड्यावर आम्ही सांगतो की झाकणाचा डबा घ्यायचा, चुलीपासून लांबच्या कुडाच्या भिंतीला, पोरांचा हात पोचणार नाही इतका उंच टांगायचा, पण पत्र्याला लागून नाही. शहरातल्या घरांत चुका वेगळ्या. गॅसच्या वरचे कपाट, न्हाणीघराची फळी, फ्रिजचा माथा, खिडकीची कड या चारही जागा वाईट. फ्रिजच्या आतही सगळे औषध ठेवायचे नसते. ज्यावर 2 ते 8 अंश लिहिले आहे तेवढेच आत, तेही बर्फाच्या कप्प्यात नाही. गोळ्या स्ट्रिपमधून काढून बाटलीत भरू नका, कारण ओल लागते. ओल लागलेली अ‍ॅस्पिरिन उघडली की व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, तो आला की टाकून द्यायची. चिकट झालेली, डाग पडलेली, कडा भुरभुरलेली गोळी तारखेत असली तरी बाद.

आता पुन्हा त्या खोक्याकडे. रुग्णांना एकदा दिलेली आणि उरलेली औषधे दान म्हणून स्वीकारू नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे, कारण ती मधल्या काळात कुठे, कशा उष्णतेत पडली होती हे कोणालाच माहीत नसते. दान आलेल्या औषधाची मुदत पोचताना निदान वर्षभर शिल्लक असावी, असेही त्यात आहे. यापुढे आम्ही हेच पाळणार आहोत. तेव्हा उघडलेल्या स्ट्रिपा कृपा करून पाठवू नका. घरातल्या जुन्या गोळ्या मेडिकलवाला परत घेत असेल तर त्याच्याकडे द्या. घेत नसेल तर स्ट्रिपमधून काढून ओल्या चहापत्तीत कालवून, पिशवीत बांधून कचऱ्यात टाका, म्हणजे कोणी वेचून खाणार नाही. औषध द्यायचेच असेल तर आधी आम्हाला विचारा. यादी आम्ही मूळ नावांनीच देऊ, म्हणजे जनऔषधी केंद्रातून न उघडलेले खोके बिलासकट घेता येईल. आणि झाकणाचे रिकामे डबे असतील तर ते जरूर पाठवा. ते आम्हाला नेहमीच कमी पडतात.