रिले कोण आणणार?

टेबलावर 12 व्होल्टचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह होता, कंट्रोलर बोर्ड होता, कोड चालत होता. कॉलेजच्या प्रोजेक्टचे परीक्षक दोन दिवसांनी येणार होते. नव्हता तो फक्त रिले. बोर्डाच्या पिनमधून जेमतेम 3.3 व्होल्ट मिळतात, त्यावर हा व्हॉल्व्ह उघडत नाही, म्हणून मध्ये रिले लागतो. मेकॅनिकलच्या मुलाला वाटलं, हे इलेक्ट्रॉनिक्सचं काम. इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलीला वाटलं, व्हॉल्व्ह आणणारा रिलेही आणेल. दोघंही हुशार, दोघंही प्रामाणिक.

वेगवेगळ्या शाखांची मुलं एकत्र आली की काम अडतं ते असं, दोन शाखांच्या सांध्यावर. कंपन्यांतही डिझाइन, खरेदी आणि सॉफ्टवेअरची माणसं एका प्रोजेक्टवर आली की हेच घडतं. म्हणून तिथे पहिल्याच दिवशी सगळ्यांना एक मेल जातो, त्याला किकऑफ मेल म्हणतात. पुढच्या वर्षीच्या चमूकडून मी तो लिहून घेतला. चौघं होते: इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल, कॉम्प्युटर आणि कृषी महाविद्यालयातली एक मुलगी.

पहिल्या मसुद्यात ध्येय होतं, ‘स्मार्ट सिंचन प्रणाली विकसित करणे’. यावरून काम संपलं की नाही, हे कुणालाच सांगता येणार नाही. चार वेळा खोडल्यावर असं झालं: “मातीतला ओलावा ठरलेल्या पातळीखाली गेला की व्हॉल्व्ह आपोआप उघडेल आणि पातळी गाठली की बंद होईल. टोमॅटोच्या तीन कुंड्यांवर दाखवायचं. मोबाइल ॲप या सत्रात करायचं नाही.” शेवटच्या वाक्यावरून भांडण झालं, कारण कॉम्प्युटरच्या मुलाला ॲपच करायचं होतं. पण ते भांडण पहिल्या आठवड्यात झालं. मार्चमध्ये झालं असतं तर महागात पडलं असतं.

मग कामवाटप. खरी मेहनत इथेच आहे. मूळ मेलमध्ये प्रत्येक कामापुढे एकेकाचं नाव आहे, इथे फक्त शाखा देतो:

“सेन्सर ते बोर्ड: इलेक्ट्रॉनिक्स. बोर्ड ते व्हॉल्व्ह, म्हणजे रिले, वायरी आणि 12 व्होल्टचा अडॅप्टर धरून: इलेक्ट्रॉनिक्स. व्हॉल्व्हपासून रोपापर्यंतची नळी आणि ड्रिपर: मेकॅनिकल. कोड आणि रोजच्या नोंदी: कॉम्प्युटर. मातीचं मोजमाप आणि पाणी कोणत्या पातळीला द्यायचं ते: कृषी.”

‘ते’ या शब्दाकडे बघा. नुसतं ‘इलेक्ट्रॉनिक्सचं काम’ असं लिहिलं असतं, तर रिले पुन्हा हरवला असता. मसुद्यात दोन ठिकाणी ‘सर्वांनी मिळून’ होतं, ते मी काढायला लावलं. मदत सगळ्यांनी करावी, पण विचारायचं कुणाला, ते एकच नाव असावं.

बोलायचं कधी, हे दोन ओळींत आटोपलं. सोमवारी आणि गुरुवारी रात्री नऊला पंधरा मिनिटं फोनवर. कुणाचं अडलं तर चोवीस तासांच्या आत ग्रुपवर सांगायचं, पण ठरलेली गोष्ट याच मेलला ‘रिप्लाय ऑल’ करून लिहायची, कारण व्हॉट्सॲपवरचा निर्णय वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडला जातो. कृषीच्या परीक्षा वेगळ्या तारखांना होत्या, त्याही नोंदवल्या.

पहिला टप्पा चौदा दिवसांचा. ‘सेन्सरचा अभ्यास’ हा टप्पा नव्हे, कारण त्यातून दाखवण्यासारखं काहीच निघत नाही. मेलमध्ये लिहिलं होतं: “कमी, मध्यम आणि जास्त ओल्या मातीत सेन्सरचे आकडे घ्यायचे. त्याच मातीच्या नमुन्यांचं वजन करून, ते ओव्हनमध्ये 105 अंशांवर 24 तास वाळवून पुन्हा वजन करायचं. वजनातला फरक म्हणजे पाणी. दोन्ही आकडे एका तक्त्यात.”

चौदाव्या दिवशी आकडे जुळले नाहीत. काळी माती वाळताना आकसली, तिला भेगा पडल्या आणि सेन्सरभोवती हवा शिरली, त्यामुळे माती होती त्याहून कोरडी दिसत होती. कृषीच्या मुलीने कारण ओळखलं. सेन्सर घट्ट बसवून चाचणी पुन्हा घेतली आणि पाण्याची पातळी त्याच मातीवरून नव्याने ठरवली. हातात अजून दोन महिने होते.

अशा मेलने काम न करणारा कामाला लागत नाही, हेही सांगायला हवं. फार तर कुणाचं काम राहिलंय, ते चौदा दिवसांत कळतं.

मी कॅम्पस मुलाखतींत बसतो, तेव्हा ‘यात तुझं काम काय होतं?’ हा प्रश्न हमखास येतो. बहुतेक मुलं ‘आम्ही सेन्सर लावला, आम्ही कोड लिहिला’ असं सांगत राहतात. त्या चमूतली इलेक्ट्रॉनिक्सची मुलगी म्हणाली, “बोर्डपासून व्हॉल्व्हपर्यंतचं सगळं माझ्याकडे होतं.” पुढची दहा मिनिटं प्रश्न रिलेवरच झाले.

पालकहो, ‘प्रोजेक्ट कसा चाललाय?’ असं विचारलंत तर ‘चाललाय’ हेच उत्तर मिळेल. त्याऐवजी तो पहिला मेल दाखवायला सांगा, आणि दोन मुलांच्या कामांच्या मध्ये जी वस्तू येते ती कोण आणणार आहे, ते विचारा.