सावलींतील कॉफी

कर्नाटकांतील कोडगू, चिकमगळूर व हासन या जिल्ह्यांच्या डोंगरउतारांवर भारतांतील बहुतेक कॉफी पिकते. तेथील अरेबिका जातीचें झाड हवामानाच्या बाबतींत फार नाजूक आहे. वर्षाचें सरासरी उष्णमान १८ ते २२ अंश असेल तरच तें चांगलें फळतें.

त्याच्या फुलण्याची रीत मोठी नवलाची आहे. पावसाळा सरल्यावर फांद्यांच्या पेरांवर कळ्या धरतात. परंतु कोरड्या दिवसांत त्या निद्रिस्त राहतात. मार्च-एप्रिलांत वळवाचा सुमारें एक इंच पाऊस पडला, म्हणजे आठदहा दिवसांत सारा मळा शुभ्र, सुगंधी फुलांनीं भरून जातो. कांहीं आठवड्यांनीं दुसरी सर आली कीं फळांस जोर येतो. हा क्रम आतां मोडूं लागला आहे. पाऊस अपुरा पडला तर कळ्या अर्धवट उमलून वाळतात. ऐन फुलण्याच्या दिवशीं पडला तर परागसिंचन बिघडतें. तुटक सरी आल्या तर एकाच फांदीवर हिरवीं, पिकलेलीं व वाळलेलीं फळें दिसतात, आणि तोडणीच्या फेऱ्या वाढतात. सन २०१८ च्या ऑगस्टांत तर कोडगूंत अतिवृष्टीनें दरडी कोसळून कित्येक मळे वाहून गेले.

उष्णतेची हानि मात्र चटकन दिसत नाहीं. उन्हाच्या तापानें फळ लवकर लाल होतें, पण आंतील दाणा भरण्यास अवकाश मिळत नाहीं. अशीं फळें पाण्यांत टाकलीं असतां पोकळ तीं तरंगतात व भरींव तीं तळाशीं जातात. ही परीक्षा मळ्यांत नित्य होते.

येथेंच सावलीचा उपयोग कळतो. पांगारा, फणस, उंबर अशा वृक्षांखालीं दुपारचा ताप कमी होतो व फळ सावकाश पिकतें. कोस्टारिका देशांतील एका प्रयोगांत, ज्याचा वृत्तांत सन २००६ मध्यें प्रसिद्ध झाला, सावलींतील फळें सुमारें एक महिना उशिरां पिकलीं. त्यांचे दाणे मोठे भरले, आणि पेयांतील कडूपणा व तुरटपणा कमी होऊन रुचकर आंबटपणा वाढला. मात्र उत्पन्न शेंकडा १८ नें घटलें. सावलीचा आणखी एक लाभ असा कीं, खोड पोखरणाऱ्या किड्याची मादी उन्हांत तापलेल्या खोडाच्या सालीच्या भेगांत अंडीं घालणें पसंत करते. झांकलेलें खोड त्यामुळें पुष्कळसें वांचतें.

तथापि सावली दाट झाली तर फुलें कमी येतात, आणि पावसाळ्यांत कोंदट ओलाव्यानें पानें व फळें कुजतात. म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर वरच्या फांद्या छाटून प्रकाश आंत घ्यावा लागतो. शिवाय सावली वळवाचा पाऊस आणूं शकत नाहीं. ज्यांच्यापाशीं तळें आहे ते तुषारनळ्यांनीं कळ्या फुलवितात, इतरांस आकाशाकडेच पाहावें लागतें. सावली उन्हाचा ताप सौम्य करते व दाण्यास भरण्यापुरता वेळ देते, एवढेंच तिचें कार्य. परंतु कॉफीची गोडी त्याच वेळांत तयार होते.