साल न लिहिलेला आयएस

पिंपळनेरचा एक स्थापत्य अभियंता शेवटच्या वर्षाला असताना गावातल्या बोअरच्या पाण्यावर प्रोजेक्ट करत होता. नमुने त्याने स्वतः भरले, तपासण्याही स्वतः केल्या. पन्नास मिलिलिटर पाण्याला 0.01 मोलर ईडीटीएचे 13 मिलिलिटर लागले. या द्रावणाचा एक मिलिलिटर एक मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटच्या बरोबरीचा, म्हणून एकूण कठीणपणा आला लिटरला 260 मिलिग्रॅम. ब्लॅक बुकात निष्कर्ष उतरला: ‘आयएस 10500 नुसार मर्यादा 300, पाणी पिण्यास योग्य.’

व्हायवात एक्स्टर्नलनी एकच प्रश्न विचारला, “कोणत्या सालचा आयएस?”

त्याच्याकडे उत्तर नव्हतं. 300 हा आकडा त्याने सीनियरच्या रिपोर्टातून घेतला होता आणि त्या सीनियरने आणखी जुन्या रिपोर्टातून. आयएस 10500 पहिल्यांदा 1983 मध्ये निघाला, 1991 मध्ये सुधारला आणि पुन्हा 2012 मध्ये. कठीणपणाची 300 ही मर्यादा 1991 ची. 2012 च्या आवृत्तीत स्वीकार्य मर्यादा 200 आहे आणि पाण्याचा दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत मुभा आहे. म्हणजे 260 चं पाणी जुन्या आवृत्तीत पहिल्याच मर्यादेच्या आत बसत होतं, नव्या आवृत्तीत ते तिच्या बाहेर गेलं. मोजमाप अचूक असूनही निष्कर्ष कोसळला.

“चूक प्रयोगशाळेत नव्हती, संदर्भाच्या ओळीत होती,” असं तो आता ज्युनियर मुलांना सांगतो. त्याची पहिली सूचना अशी: मानकाचा क्रमांक, भाग असेल तर भाग, आणि साल हे तिन्ही एकत्र लिहायचं. कठीणपणा मोजण्याची पद्धत आयएस 3025 च्या 21 व्या भागात आहे; नुसतं ‘आयएस 3025’ लिहिलं तर वाचणारा डझनावारी भागांत हरवतो. दुसरी सूचना: भारतीय मानक ब्युरोच्या संकेतस्थळावर चालू आवृत्ती आणि तिच्या दुरुस्त्या पाहायच्या. दुरुस्ती स्वतंत्र पानावर येते आणि एखादाच आकडा बदलते, त्यामुळे मूळ पीडीएफ वाचून ती कळत नाही. मुखपृष्ठावर ‘पुनर्पुष्टी’चं साल दिसलं तर ते आवृत्तीचं साल समजू नये. जुना मजकूर अजून लागू आहे, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरा धक्का पेटंटचा होता. गाळण यंत्राच्या एका रचनेला त्याने ‘पेटंटप्राप्त’ म्हटलं होतं आणि खाली बारा आकडी क्रमांक दिला होता. भारतात आता अर्जाला असाच क्रमांक मिळतो: आधी चार अंकी साल, मग कार्यालयाचा अंक (मुंबईचा 2), मग अर्जाचा प्रकार आणि शेवटी अनुक्रम. मंजूर पेटंटचा क्रमांक वेगळा आणि लहान असतो. अर्ज साधारण 18 महिन्यांनी प्रसिद्ध होतो, तोवर त्याची परीक्षा झालेली असेलच असं नाही. अमेरिकेच्या कागदावर क्रमांकाच्या शेवटी A1 असेल तर तो प्रसिद्ध झालेला अर्ज, B1 किंवा B2 असेल तर मंजूर पेटंट. म्हणून अर्जाचा संदर्भ देताना ‘अर्जदाराचा दावा असा’ एवढंच लिहावं. यंत्र खरोखर किती चांगलं चालतं, याचा पुरावा मंजूर पेटंटही देत नाही; त्यासाठी चाचणीचे आकडे लागतात.

तिसरा धक्का आरओ यंत्राच्या माहितीपुस्तिकेचा. जाहिरातीवरून त्याने ‘ताशी 15 लिटर’ लिहिलं होतं, जानेवारीच्या सकाळी मोजले तर 11 भरले. आधी त्याने यंत्रालाच दोष दिला. पुस्तिकेच्या तळटीपेत मात्र लिहिलं होतं की 15 हा आकडा 25 अंश तापमानाचा आहे. पाणी एका अंशाने थंड झालं की आरओचा प्रवाह साधारण तीन टक्क्यांनी घटतो. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी त्या दिवशी 17 अंशांवर होतं. आठ अंशांचा फरक म्हणजे जवळपास चौथा हिस्सा, आणि मोजलेली घटही साधारण तेवढीच होती.

पुस्तिकेचा संदर्भ देताना तो आता उत्पादक, मॉडेल, पुस्तिकेचा क्रमांक, रिव्हिजन आणि पान लिहायला सांगतो. आकड्यासोबत त्याची अटही उतरवायची. पुस्तिका संकेतस्थळावरून घेतली असेल तर उतरवल्याची तारीख टाकायची आणि फाइल जपून ठेवायची, कारण पुढच्या रिव्हिजनला त्याच दुव्यावर वेगळं पान येतं.

त्याने ब्लॅक बुक पुन्हा बांधून घेतलं. निष्कर्षाच्या पानावर आता असं वाक्य आहे: ‘एकूण कठीणपणा 260 मिलिग्रॅम प्रति लिटर; आयएस 10500:2012 च्या स्वीकार्य मर्यादेपेक्षा (200) जास्त, पर्यायी स्रोत नसतानाच्या मर्यादेच्या (600) आत.’