अक्षरागणिक खात्रीचे गुण

डीएनए वाचणारे यंत्र प्रत्येक अक्षराबरोबर आपली खात्रीही नोंदवते. फास्टक्यू फाइलमधील ही नोंद पाहा :

```
@r1
GATTAC
+
III?5#
```

चौथ्या ओळीतील चिन्हाच्या आस्की क्रमांकातून ३३ वजा करा, की फ्रेड गुण Q मिळतो. अक्षर चुकल्याची संभाव्यता P = 10^(-Q/10). I चा क्रमांक ७३, म्हणून गुण ४० : दहा हजारांत एक चूक. 5 चा क्रमांक ५३, गुण २० : शंभरात एक. # चे गुण मात्र २, म्हणजे शंभरात सुमारे ६३ चुका!

इल्युमिना पद्धतीत वाचन लांबते तसे एकाच पुंजक्यातील रेणू मागेपुढे पडतात, म्हणून शेवटाकडे गुण घसरतात. २० ही मर्यादा धरली, तर शेवटचा C आणि त्याचे # ही दोन्ही छाटावी लागतील. न छाटल्यास, संदर्भक्रमाशी जुळवणी करताना यंत्राची चूक उत्परिवर्तन म्हणून भासू शकते.