बुरशी धरलेला अंधार

गणपती महिन्यावर आले की पेणच्या कारखान्यांत रात्र आणि दिवस सारखेच होतात. अशाच एका रात्री मी एका ओळखीच्या कारखान्यात आखणीचे फोटो काढायला गेलो होतो. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रेखाटणं. ते काम ठरावीक हातच करतात. डोक्यावर एकच साधा पिवळा बल्ब, समोर मूर्ती आणि मागे अंधारात फळ्यांवर ओळीनं मांडलेले शेकडो अर्धवट गणपती. मालक काकांना कॅलेंडरसाठी फोटो हवा होता. मी कॅमेरा आयएसओ ६४०० वर नेला, शटर १/६० ठेवला आणि रॉमध्ये काढत सुटलो.

चूक तिथेच झाली होती. बल्ब चौकटीत असल्यामुळे मीटर फसलं आणि बाकी सगळं काळं आलं. घरी आल्यावर मी फोटो लाइटरूममध्ये अडीच स्टॉपनं उजळला. अडीच स्टॉप म्हणजे उजेडाच्या हिशेबानं जवळजवळ सहापट, म्हणजे ६४०० चा फोटो सुमारे ३६,००० ला काढल्यासारखाच झाला. मागच्या अंधारातून गणपती बाहेर आले खरे, पण त्यांच्यामागची भिंत पावसाळ्यात ओल येऊन बुरशी धरल्यासारखी दिसू लागली. कुठे जांभळट, कुठे हिरवट, नखाएवढे चट्टे.

मी घाबरून Luminance चा स्लायडर ६० वर नेला. भिंतीवरची रवाळ खरखर गेली, चट्टे मात्र होते तिथेच राहिले. उलट खरखर गेल्यामुळे ते जास्तच उठून दिसायला लागले. लॅपटॉपच्या पडद्यावर पूर्ण फोटो बघून मला वाटलं, चालेल. मालकांनी छापलेला नमुना हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, "दादा, ही माझी मूर्ती नाही. माझ्याकडच्या पापणीची रेघ एका केसाची असते. ही तर काजळ फासल्यासारखी दिसतेय."

काका बरोबर होते. मी चुकीच्या रोगाला औषध देत होतो.

नॉइज दोन प्रकारचा असतो. एक उजेडाचा: शेजारशेजारचे पिक्सेल कमी-जास्त उजळ होतात आणि फोटो रवाळ दिसतो. दुसरा रंगाचा: करड्या भिंतीवरचा एक पिक्सेल लालसर, दुसरा निळसर. पापणीची रेघ, हातावरचे केस, मातीचा पोत हे सगळं उजेडाच्या फरकातून दिसतं. रंगाच्या बाबतीत आपला डोळा ढिला आहे, रंग थोडा पसरला तर त्याला पत्ता लागत नाही. म्हणून रंगाचा नॉइज जोरात पुसता येतो आणि उजेडाच्या नॉइजला हलक्या हातानंच शिवायचं असतं. मी नेमकं उलट केलं होतं.

मग रंगाचे ठिपके असतात तर मोठाले चट्टे कुठून येतात? नॉइज सगळ्या मापांचा असतो. बारीक ठिपके सॉफ्टवेअर सहज पुसतं, पण त्याखाली वीस-तीस पिक्सेल रुंदीचे चढउतार शिल्लक राहतात. ठिपके गेले की तेच चट्टे म्हणून वर येतात. त्यात पिवळ्या बल्बच्या उजेडात निळा रंग नावालाच असतो. व्हाइट बॅलन्स सुधारताना निळा चॅनेल ओढून मोठा केला जातो आणि त्याच्याबरोबर त्यातली घाणही मोठी होते. माझ्या भिंतीवरची जांभळट बुरशी बहुतेक तिथलीच.

दुसऱ्यांदा बसलो तेव्हा Luminance ६० वरून १२ वर आणला. Color रॉ फाइलला मुळात २५ असतो, तो ४५ केला. खरा फरक पडला त्याखालच्या Smoothness नं. तो ५० वर असतो आणि मोठ्या चट्ट्यांसाठीच असतो, पण मी त्याला कधी हातच लावला नव्हता. ८५ वर नेल्यावर भिंत भिंतीसारखी झाली. चट्टे खरंच गेले की नाहीत हे बघायला एक युक्ती आहे: Saturation तेवढ्यापुरतं १०० वर न्यायचं. लपलेला चट्टा लगेच ओरडून सांगतो. बघून झालं की Saturation शून्यावर परत आणायचं, हे विसरू नका. मी एकदा विसरलो आहे.

याचीही किंमत असते. लाल पितांबराच्या कडेनं पांढऱ्या भिंतीवर गुलाबी झाक उतरली तर समजावं की रंग फार पसरला. तेव्हा Color खालचा Detail थोडा वाढवायचा. कडा सावरतात, बदल्यात चार-दोन रंगीत ठिपके परत येतात. तेवढे येऊ द्यावेत. आणि मूळ दुखणं उजळण्याचं होतं, म्हणून मी अडीच स्टॉपऐवजी दीडच स्टॉप उजळला. मागचे गणपती अंधारात अर्धे बुडालेलेच राहिले. कारखान्यात ते तसेच दिसतात.

रोह्याच्या पालखीच्या फोटोंना मात्र हे सगळं उपयोगी पडलं नाही. दसऱ्यानंतर धावीर महाराजांची पालखी रात्रभर गावातून फिरते. कार्ड भरत आलं म्हणून मी मध्येच कॅमेरा जेपेगवर टाकला. जेपेगमध्ये कॅमेऱ्यानं स्वतःच नॉइज पुसलेला असतो, म्हणजे बारीक ठिपके गेलेले आणि चट्टे पक्के बसलेले. वरून दाबून लहान केलेल्या फाइलमध्ये रंगाची माहिती बहुधा उजेडापेक्षा कमीच साठवलेली असते. पालखीमागच्या काळ्या आकाशात तपकिरी ढग तरंगत होते, जे त्या रात्री नव्हतेच.

ते फोटो गिंपमध्ये वाचवले. थर दुप्पट करायचा, वरच्या थराला Gaussian Blur द्यायचा आणि त्याचा Mode बदलून LCh Color करायचा. आता रंग वरच्या पुसट थरातून येतो आणि उजेड खालच्या मूळ थरातून, म्हणून चेहऱ्याची एक सुरकुतीही हलत नाही. ब्लर चट्ट्यापेक्षा मोठा हवा. मी आधी ५ दिला तर चट्टे एकमेकांत मिसळून आणखी मोठे झाले. ३० ला आकाश साफ झालं, पण फेट्यांचा भगवा शेजाऱ्याच्या कपाळावर उतरला. त्यावर उपाय म्हणजे मास्क: Add Layer Mask मध्ये Grayscale copy of layer निवडायचं, मास्क उलटा करायचा आणि तोही थोडा ब्लर करायचा. मग पुसणं गडद भागातच जोरात होतं, उजळ चेहरे आणि फेटे जवळजवळ वाचतात. तरीही जिथे झाक उरली तिथे मास्कवर काळा ब्रश फिरवला.

चालत्या पालखीला याहून जास्त काही करता येत नाही. पेणमधल्या फळ्यांवरचे गणपती मात्र हलत नाहीत. आता मी तिथे तिपाई घेऊन जातो, एकाच जागेवरून सोळा फोटो काढतो आणि त्यांची सरासरी काढतो. खरे रंग सोळाही फोटोंत सारखे असतात, नॉइज प्रत्येकात वेगळा असतो, म्हणून तो चौथाईवर येतो आणि काही पुसावंच लागत नाही. फक्त त्या वेळात कुणी फळीला धक्का लावायचा नाही, आणि मोसमात कारखान्यात ही अट पाळून घेणं आयएसओपेक्षा अवघड आहे. आखणी करणाऱ्या हाताचा फोटो वेगळा घेतो, बल्ब चौकटीबाहेर ठेवून.

काकांनी नवा नमुना पुन्हा तसाच डोळ्यांजवळ नेला. पापणी बघितली, काही बोलले नाहीत आणि मागच्या अंधारावर बोट ठेवून विचारलं, "हा तिसऱ्या फळीवरचा, ह्याचा कान मोडलेला दिसतोय का?"