शिबिराचा निरोप सत्तर अक्षरांत

प्रश्न : पालीत मोफत नेत्रतपासणी शिबिर आहे. साध्या फोनवर सगळी माहिती पाठवली, तरी आजी-आजोबा गोंधळलेच. त्यांना वाचता येत नाही का?
– एक कार्यकर्ता, पाली (ता. राजगड)

उत्तर : दोष वाचणाऱ्यांचा नाही, लांबीचा आहे. देवनागरी एसएमएस एका वेळी ७० अक्षरांचाच मावतो. काना, मात्रा, जोडाक्षराचा हलन्त, मोकळी जागा हे सगळे वेगळे मोजले जाते. पुढचा मजकूर तुटतो आणि साध्या फोनवर तुकडे कधी उलटसुलट येतात. एवढेच पाठवा :

‘मोफत डोळे तपासणी. रविवार सकाळी ९, पाली शाळा. जुना चष्मा आणा.’

ही ६० अक्षरे झाली. ‘उद्या’ लिहू नका. निरोप दुसऱ्या दिवशी उघडला, तर माणूस सोमवारी येईल. शनिवारी संध्याकाळी पाठवा, नातवंडे वाचून दाखवतील. फोनवर नुसते चौकोन दिसत असतील, तर सरळ फोन करा.